आठव्या पानाला चिमटा, तेराव्याला खबर: अरॅबिडॉप्सिसवरच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडाच्या बिया लावल्या. कोलंबिया-० हा नेहमीचा वाइल्ड टाइप, सोबत जीएलआर३.३ आणि जीएलआर३.६ दोन्ही जीन बंद असलेला डबल म्युटंट, आणि नंतरच्या भागासाठी एनपीआर१ म्युटंट. ओल्या फिल्टर पेपरवर ४ अंशांना तीन दिवस ठेवून मग मातीत. उजेड १० तास, अंधार १४ तास, तापमान २२ अंश. दिवस मुद्दाम लहान ठेवलाय, कारण मोठ्या दिवसात हे झाड लवकर फुलावर येतं, आणि आम्हाला किमान पंधरा-सोळा पानांचं पसरट, न फुललेलं झाड हवंय. म्हणजे पाच आठवडे नुसती वाट बघायची, त्याला इलाज नाही. दर आठवड्याला एक ट्रे नवीन लावतोय, म्हणजे एखादी बॅच गेली तर परत पाच आठवडे बसून राहायला नको.

काय बघायचंय ते एकदाच लिहून ठेवते. एका पानाला जखम केली की दूरच्या पानात जॅस्मोनिक आम्ल (पुढे नुसतं जेए) वाढतं आणि किड्याविरुद्धचे जीन चालू होतात, ज्या पानाला कुणी हातही लावलेला नाही त्यात. ही खबर विजेच्या लहरीसारखी जाते हे टोमॅटोवर १९९२ मध्येच दाखवलं गेलं होतं, आणि २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने अरॅबिडॉप्सिसमध्ये त्यासाठी लागणारे जीएलआर जीन शोधले. आम्हाला लहर आणि जीन दोन्ही एकाच झाडावर पकडायचेत, आणि मग सॅलिसिलिक आम्ल (एसए) मध्ये घातलं की काय होतं ते बघायचंय.

३० जानेवारी

पानांना नंबर देणं. हे काम किरकोळ वाटतं आणि इथेच निम्मे प्रयोग मरतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बीजपत्रं मोजायची नाहीत. पहिली दोन खरी पानं जवळजवळ एकदम आणि समोरासमोर येतात, ती १ आणि २. पुढचं प्रत्येक पान आधीच्यापासून साधारण १३७ अंशांवर येतं. पण वळण्याची दिशा प्रत्येक झाडाची वेगळी, काही घड्याळाच्या दिशेने तर काही उलट, आणि ती दिशा तिसऱ्या-चौथ्या पानालाच ठरवून कुंडीवर लिहून ठेवायची. पाच आठवड्यांचं झाड समोर घेऊन मागून मोजायला बसलं की खालची पानं एकमेकांखाली गेलेली असतात आणि ८ कुठलं, ९ कुठलं यावर दोघांची दोन मतं होतात.

नंबराला एवढं महत्त्व का, तर पानांच्या शिरा खोडात सगळ्या सगळ्यांशी सारख्या जोडलेल्या नसतात. ८ नंबरच्या पानाची नळी १३ शी थेट जोडलेली असते, ९ शी तशी नसते. म्हणून जखम ८ ला, मोजणी १३ ला, आणि तुलनेसाठी ९. नंबर बरोबर आहे का ते तपासायची सोपी युक्ती आमच्या मॅडमनी सांगितली: पाच पानं पुढे म्हणजे पाच वेळा १३७.५, बरोबर ६८७.५ अंश, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्यांना जेमतेम ३२ अंश कमी. तेव्हा वरून बघितलं तर १३ हे ८ च्या जवळजवळ वरच दिसायला पाहिजे. ९ मात्र पार दुसऱ्या बाजूला. १३ आलं की वरून फोटो काढून कोन मोजायचा, आणि जिथे १३ भलतीकडे दिसेल ती झाडं बाजूला काढायची.

९ फेब्रुवारी

इलेक्ट्रोड बनवले. ०.५ मिमी जाडीची चांदीची तार, टोकाला सिल्व्हर क्लोराइडचा थर. आधी तार घरातल्या ब्लीचमध्ये बुडवून थर चढवला, तो गडद जांभळट-करडा दिसला म्हणून बरं वाटलं, पण दोन इलेक्ट्रोड एकाच मिठाच्या पाण्यात ठेवून फरक मोजला तर तो सरकत राहिला, कारण तार आधी पुसलेली नव्हती आणि बोटांचं तेल लागलेल्या जागी थर चढलाच नव्हता. बारीक पॉलिश पेपरने घासून, अल्कोहोलने पुसून परत केल्यावर फरक एक-दोन मिलिव्होल्टवर येऊन थांबला. हा मिठाच्या पाण्यातला टेस्ट प्रत्येक वेळी करा, झाडावर लावल्यानंतर सरकणारी रेषा झाडाची की तारेची ते कळत नाही.

पानाला तार टोचायची नाही, टोचली की तीच जखम. पानाच्या देठाजवळ अर्ध्या टक्क्याच्या अगारमध्ये १० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड घालून केलेला थेंब ठेवायचा आणि तारेचं टोक त्या थेंबात. रेफरन्स इलेक्ट्रोड कुंडीच्या ओल्या मातीत.

१५ फेब्रुवारी

पहिलं रेकॉर्डिंग, सपाट रेषा. ८ चिरडलं, १३ वर काहीच नाही.

कारण निघालं मीटरमध्ये. साध्या डिजिटल मीटरचा इनपुट रोध १० मेगाओहमच्या आसपास असतो, आणि पानाची मेणचट त्वचा स्वतःच इतका रोध देते की मोजायचा व्होल्टेज मीटर स्वतःच खाऊन टाकतो. इलेक्ट्रोमीटर दर्जाचा अॅम्प्लिफायर लागतो, ज्याचा इनपुट रोध दहाचा बारावा घात ओहमच्या वर असेल. दुसऱ्या लॅबमधून पीएच मीटरसाठीचा तसला अॅम्प्लिफायर उसना आणला. पीएच इलेक्ट्रोडलाही असाच प्रचंड रोध असतो, त्यामुळे ते सर्किट आपल्या कामाला चालून जातं.

मग रेषा हलायला लागली, पण ती मेन्सच्या घरघरीने. जाळीचा पिंजरा करून तो अर्थ केला, ग्रो लाइटचा ड्रायव्हर पिंजऱ्याबाहेर काढला. आपला सिग्नल इतका सावकाश असतो की सेकंदाला दहा वाचनं पुरेत, त्यामुळे लो-पास फिल्टर बिनधास्त खाली आणता येतो. फिल्टर लावल्यावर रेषा शांत.

अजून एक गोष्ट: अगारचा थेंब वाळतो. पिंजऱ्यात हवा खेळती असली तर लवकरच रेषा हळूहळू एका बाजूला झुकायला लागते आणि माणसाला वाटतं की काहीतरी सिग्नल येतोय. खरी लहर कधी अशी लोळत येत नाही, ती काही सेकंदांत खाली कोसळते.

१७ फेब्रुवारी

आली!

इलेक्ट्रोड लावून झाड तासभर तसंच सोडलं, कारण लावतानाच्या हाताळणीनेही छोट्या हालचाली होतात. मग ८ च्या टोकाकडचा जवळजवळ निम्मा भाग प्लॅस्टिकच्या दातेरी चिमट्याने चिरडला. धातूचा चिमटा नको, हातातून वीज घुसते आणि रेषेवर काटा उमटतो. १३ वर मिनिटभर काही नाही, आणि मग रेषा सरळ खाली, काही दहा मिलिव्होल्ट, तिथे मिनिट-सव्वा मिनिट राहून हळूहळू परत वर. खाली का, तर पेशीच्या आतला ऋण भार कमी होतो तेव्हा बाहेरून मोजणाऱ्याला पृष्ठभाग जास्त ऋण झाल्यासारखा दिसतो.

एका झाडाचा हिशोब लिहून ठेवते. जखमेच्या कडेपासून मध्यापर्यंत ३ सेंमी, मध्यापासून १३ वरच्या इलेक्ट्रोडपर्यंत २.५ सेंमी, एकूण ५.५. चिमटा दाबल्यापासून कोसळायला ६६ सेकंद. म्हणजे मिनिटाला ५ सेंमी. हे छापून आलेल्या आकड्यांत बसतं. पाण्यातून नुसतं विरघळून पसरणाऱ्या रेणूला हे अंतर कापायला दिवस लागतील, आणि प्राण्यांच्या नसेसमोर मात्र हा वेग काहीच नाही.

त्याच झाडावर ९ वरचा इलेक्ट्रोड जवळपास गप्प. एकदा ९ वर मोठी लहर दिसली, सगळे उत्तेजित झाले, फोटो काढून बघितलं तर ते पान ११ होतं. ११ म्हणजे ८ च्या पुढचं तिसरं, आणि त्याचा ८ शी शिरांचा संबंध आहे. नंबरिंगबद्दल वर एवढं का लिहिलंय ते कळलं असेल.

२० फेब्रुवारी

डबल म्युटंट. ८ चिरडल्यावर खुद्द ८ मध्ये लहर येते, पण १३ मध्ये पोचेपर्यंत तिचा नुसता छोटासा ठिपका उरतो, काही सेकंदांचा. म्हणजे हे जीन जखम कळण्यासाठी लागतात असं नाही, ती दूर नेण्यासाठी लागतात. हे दोन्ही जीन ग्लुटामेटला प्रतिसाद देणाऱ्या चॅनेलचे आहेत, आपल्या मेंदूतल्या ग्लुटामेट रिसेप्टरच्या कुळातले. २०१८ मध्ये विस्कॉन्सिनच्या गटाने कॅल्शियम वाढलं की चमकणारी झाडं वापरून हीच लहर डोळ्यांना दाखवली आणि कापलेल्या जागी नुसतं ग्लुटामेट टाकूनही ती सुरू होते हे दाखवलं. आमच्याकडे तसा फ्लुरोसन्स स्टिरिओस्कोप नाही, त्यामुळे वीजच मोजतोय. स्वस्तातलं काम आहे आणि आकडा थेट मिळतो.

एक काळजी: म्युटंटची झाडं आणि वाइल्ड टाइप एकाच दिवशी, आलटून पालटून मोजा. सकाळी सगळे एक आणि दुपारी सगळे दुसरे असं केलं तर मातीचा ओलावा बदललेला असतो, आणि नळ्यांतला पाण्याचा ताण बदलला की लहरही बदलते.

२५ फेब्रुवारी

लहर दिसली म्हणजे १३ ने ती "वाचली" असं होत नाही, जीन बघायला पाहिजेत.

थोडक्यात यंत्रणा अशी. पानात जेए तयार झालं की ते आयसोल्यूसिन या अमिनो आम्लाला जोडलं जातं, आणि तो जोड सीओआय१ नावाच्या रिसेप्टरला चिकटतो. मग जॅझ नावाची प्रथिनं, जी एरवी एमवायसी२ ला दाबून ठेवतात, ती तोडली जातात आणि एमवायसी२ मोकळा होऊन जीन चालू करतो. चालू होणाऱ्यांत जॅझ१० स्वतःच असतो, म्हणजे ब्रेक सोडता सोडता नवीन ब्रेक बनवायची ऑर्डर पण गेलेली असते. म्हणूनच जॅझ१० हा फार पटकन उठणारा मार्कर आहे, तासाभरात मस्त दिसतो.

सुरुवातीला यादीत पीडीएफ१.२ होता, कारण प्रत्येक आकृतीत तो "जेए मार्कर" म्हणून लिहिलेला असतो. जखमेवर तो उठलाच नाही. प्रायमर बदलले, आरएनए परत काढला, एक आठवडा गेला. खरं कारण असं की जेएच्या पुढे दोन फाटे आहेत: एक एमवायसी२ चा, किडा आणि जखमेसाठी, तिथे व्हीएसपी२ हा मार्कर, दुसरा जेए आणि इथिलीन मिळून चालवतात तो, ऊती मारून खाणाऱ्या बुरशीसाठी, तिथे पीडीएफ१.२. दोन्ही फाटे एकमेकांना दाबतात. जखम करून पीडीएफ१.२ शोधणं म्हणजे चुकीच्या फाट्यावर उभं राहणं. जखमेला जॅझ१० (१ तास) आणि व्हीएसपी२ (आणखी काही तासांनी) एवढंच धरा.

पानं तोडण्याचा क्रम: आधी १३, मग ९, शेवटी ८, आणि प्रत्येक पान तोडल्या तोडल्या द्रव नायट्रोजनमध्ये. तोडणं हीसुद्धा जखमच. आरएनएसाठी काही सेकंद इकडेतिकडे चालतात, पण कुणी पुढे जाऊन जेए हार्मोन मोजणार असेल तर तिथे अजिबात चालढकल नको, दूरच्या पानातही ते दोन-तीन मिनिटांत वाढतं.

एका झाडाचे क्यूपीसीआरचे आकडे, जितक्या कमी सायकलला येईल तितका जीन जास्त चालू. संदर्भासाठी युबीसी२१ घेतला, तो सगळीकडे २२ सायकलला आला. जॅझ१० न दुखावलेल्या झाडाच्या १३ मध्ये २८.६, ८ चिरडलेल्याच्या १३ मध्ये २३.१. फरक ५.५ सायकल, दोनाचा ५.५ वा घात म्हणजे साधारण ४५ पट. ९ मध्ये फरक एकच सायकल, म्हणजे दुप्पट. डबल म्युटंटच्या १३ मध्ये वाढ खूपच कमी, पण शून्य नाही. लहर आणि जीन एकाच पानात, एकाच म्युटंटमध्ये कमी झाले, तेव्हा कुठे दोन्हींचा संबंध आहे असं म्हणायची सोय झाली.

३ मार्च

कंट्रोलच वर. न दुखावलेल्या झाडांत जॅझ१० उठलेला, आणि तोही फक्त एका ट्रेमध्ये.

त्या ट्रेला सकाळी कुणीतरी वरून फवाऱ्याने पाणी दिलं होतं. पानावर पाण्याचे थेंब पडले तरी एमवायसी२ चा फाटा हलतो, स्पर्शानेही हलतो. झाडाला थेंब, बोट आणि अळीचे पाय यांत सुरुवातीला फारसा फरक कळत नसावा. आता पाणी फक्त खालून ट्रेमधून, आणि प्रयोगाच्या आदल्या दिवसापासून पानांना कुणीही हात लावायचा नाही. नंबर लावायचे दोरे किंवा टूथपिकही आधीच काढून टाकायचे.

वेळही पक्की केली. जेएची पातळी दिवसाच्या मध्यावर जास्त असते आणि एसएची मध्यरात्रीच्या सुमारास, दोन्ही झाडाच्या घड्याळाला बांधलेले. त्यामुळे सगळ्या जखमा दिवे लागल्यानंतर ठरलेल्या एकाच तासात.

८ मार्च

एसएचा भाग सुरू. एसए मुख्यतः जिवंत पेशीतून खाणाऱ्या रोगकारकांविरुद्ध काम करतं, त्याचा मार्कर पीआर१. बऱ्याच जणांना वाटतं की एसए पण जेएसारखं जखमेची खबर घेऊन पळतं. तसं नाही. रोग झालेल्या पानाकडून उरलेल्या झाडाला मिळणारा इशारा वेगळा, त्याला मिनिटं नाहीत, दिवस लागतात, आणि त्यातही एसए दूरच्या पानात लागतं खरं, पण निरोप घेऊन जाणारं तेच नाही, हे तंबाखूच्या कलमांवर १९९४ मध्येच दिसलं. आमच्या चिरडलेल्या झाडांत पीआर१ हललाही नाही, म्हणून दूरच्या पानात एसएची वाट बघण्यात अर्थ नव्हता. आम्हाला बघायचंय की बाहेरून दिलेलं एसए जेएचं काम कसं थांबवतं.

द्रावण: १ मिलिमोलर एसए. आम्ल तसंच पाण्यात विरघळवलं तर पीएच ३.२ च्या आसपास जातो, आणि मग पानावर जे दिसतं ते एसएचं की आंबटपणाचं ते सांगता येत नाही. पहिल्या ट्रेच्या कडा करपल्या त्या यानेच. सोडियम सॅलिसिलेट वापरा, नाहीतर पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच ६.५ ला आणा.

जेए द्यायचं तर मिथाइल जॅस्मोनेट, १०० मायक्रोमोलर, आधी थोड्या इथेनॉलमध्ये आणि मग पाण्यात. मॉकमध्ये, म्हणजे हार्मोन नसलेल्या तुलनेच्या द्रावणात, तेवढंच इथेनॉल. आता खरी गोची: हा पदार्थ हवेत उडतो. एकाच चेंबरमध्ये ठेवलेली मॉकची झाडं दुसऱ्या दिवशी व्हीएसपी२ ने भरलेली. खरं तर हे आधीच डोक्यात यायला हवं होतं, कारण १९९० मध्ये टोमॅटोवर नेमकं हेच दाखवलं होतं, शेजारच्या सेजब्रशमधून येणाऱ्या मिथाइल जॅस्मोनेटच्या वासानेच टोमॅटोतले बचावाचे जीन चालू होतात म्हणून. आता वेगळी चेंबर, वेगळे ट्रे, आणि मॉकची झाडं नेहमी आधी हाताळायची.

झाडं द्रावणात उलटी बुडवतो, द्रावण पानावर नीट पसरावं म्हणून ०.०१५ टक्के सिल्वेट घालून. बुडवणं म्हणजे ओलं करणं, म्हणजे वरच्या ३ मार्चच्या भानगडीमुळे मॉकही बुडवायचंच, कोरडं झाड कंट्रोल म्हणून चालणार नाही.

१४ मार्च

चार गट: मॉक, नुसतं एसए, नुसतं मिथाइल जॅस्मोनेट, दोन्ही एकदम. २४ तासांनी पानं.

नुसत्या एसएमध्ये पीआर१ जोरात. मिथाइल जॅस्मोनेटमध्ये व्हीएसपी२ जोरात, आणि पीडीएफ१.२ सुद्धा, कारण बाहेरून सगळ्या झाडाला जेए दिलं की तोही फाटा हलतो, जखमेसारखं नाही. दोन्ही एकदम दिल्यावर पीआर१ तसाच, पण व्हीएसपी२ आणि पीडीएफ१.२ दोन्ही खाली बसलेले. जेए तर बाहेरून भरपूर दिलंय, तेव्हा एसए ते बनवणंच थांबवतं म्हणून असं झालं हे स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. अडवणूक नंतरच्या पायरीवर आहे, जीन वाचण्याच्या जागी.

एनपीआर१ म्युटंटमध्ये व्हीएसपी२ खाली बसलाच नाही, आणि पीआर१ उठला नाही. एसएची ही दोन्ही कामं एनपीआर१ मधून जातात. गंमत अशी की पीआर१ साठी एनपीआर१ ला केंद्रकात जावं लागतं, पण जेएला दाबण्यासाठी तो केंद्रकाबाहेर राहिला तरी भागतं, हे २००३ मध्ये दाखवलंय. म्हणून पीआर१ उठला नाही एवढ्यावरून जेएचा ब्रेकही निकामी आहे असं धरू नका, दोन्ही वेगवेगळे मोजा.

१९ मार्च

एका ट्रेमध्ये एसए आधी दिलं आणि मिथाइल जॅस्मोनेट दोन दिवसांनी. पीडीएफ१.२ दबला नाही. द्रावण खराब झालं म्हणून फेकायला निघालो होतो, पण पीआर१ तर उठलेला. याचं उत्तर वेळेत आहे. एसएने जेए दाबायची खिडकी मर्यादित असते, एसए देऊन साधारण ३० तास उलटल्यावर दिलेल्या मिथाइल जॅस्मोनेटवर हा परिणाम दिसत नाही, हे २००८ मध्ये मोजलेलं आहे. म्हणजे दोन्ही एकदम द्या, किंवा अंतर एका दिवसाच्या आत ठेवा आणि नोंदीत ते तासांत लिहा. "एसए प्रीट्रीटमेंट" एवढंच लिहून ठेवलं तर नंतर कुणालाच काही कळत नाही.

२२ मार्च

पुढची बॅच: एसए देऊन चार तासांनी ८ चिरडायचं, १३ वर इलेक्ट्रोड, आणि त्याच १३ मधून पुढे व्हीएसपी२. इलेक्ट्रोडच्या थेंबाखाली पानावर सिल्वेट उरलं तर थेंब पसरतो आणि संपर्क बिघडतो, ते काल कोऱ्या झाडावर बघितलं. त्यामुळे या वेळी बुडवायचं नाही, एसए मुळांतून देणार. कुंडीत घातलं की रेफरन्स इलेक्ट्रोडच्या मातीतले क्षार बदलतात, म्हणून मॉकच्या कुंडीत तेवढाच सोडियम क्लोराइड. सोळा पानांची झाडं तयार आहेत, वरून फोटो काढून कोन मोजून झाले, दोन झाडांचं १३ शंकास्पद वाटलं ती वगळली.